चॅटमधला "हो जाएगा" आणि प्रपोजलमधला कर्ता

मी सातपूरला एका कोल्ड रूम बनवणाऱ्या कंपनीत काम करते, आणि माझं काम म्हणजे सेल्सच्या पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे काही हिंदी-इंग्लिशमध्ये टाकलेलं असतं त्याचं क्लायंटला पाठवण्याजोगं इंग्लिश प्रपोजल तयार करायचं. ग्रुपमध्ये एक इंदूरचा, एक सुरतचा आणि दोघं इथलेच, त्यामुळे भाषा आपोआप हिंदी होते. सुरुवातीला मी सरळ एकेक मेसेज घेऊन भाषांतर करायचे. पहिलं वर्ष असंच गेलं आणि त्यात एकदा मोठा फटका बसला, तो आधी सांगते.

मेसेज होता "केबल का हो जाएगा, टेन्शन नहीं". मी प्रपोजलमध्ये लिहिलं की मशीनपर्यंतची केबल "विल बी प्रोव्हाइडेड". वाचायला एकदम फॉर्मल वाटलं. साइटवर गेल्यावर क्लायंट म्हणाला केबल तुमची, आमचा माणूस म्हणाला तुमची, आणि कागदावर कोणाचीच नव्हती. मेन पॅनेलपासून मशीन 70 मीटर लांब, सगळी जाड केबल शेवटी आम्ही घातली. त्या दिवशी लक्षात आलं की हिंदीत "हो जाएगा" म्हणताना करणारा कोण ते सांगावं लागत नाही, मराठीतही "होऊन जाईल" म्हणतो आपण, पण करारात तोच तर मुद्दा असतो. आणि इंग्लिशमधलं "विल बी" त्याला अजूनच झाकतं.

आता या ऑक्टोबरची केस घ्या, कारण तिच्यात हे सगळंच होतं. दिंडोरीकडचं द्राक्ष एक्स्पोर्टचं पॅकहाउस, सही करणारे पार्टनर मुंबईला, म्हणून प्रपोजल इंग्लिशमध्येच हवं. जानेवारीत माल सुरू व्हायच्या आत रूम चालू पाहिजे होती. मी ग्रुपमधून `Export chat` करून 11 दिवसांचं चॅट काढलं, फोटो वगळून. प्रिंट घेतली आणि पेनाने प्रत्येक ओळीसमोर एकच अक्षर लिहिलं: क म्हणजे क्लायंट म्हणाला, आ म्हणजे आपण कबूल केलं, अं म्हणजे आपल्या पोराचा नुसता अंदाज. हे केल्याशिवाय मी इंग्लिशचा एक शब्द लिहीत नाही. कारण चॅटमध्ये "क्लायंट को 6 घंटे में 4 डिग्री चाहिए" आणि "6 घंटे में हो जाना चाहिए" या ओळी खाली-वर असतात, दिसायला सारख्याच, पण पहिली मागणी आहे आणि दुसरी आपल्याच माणसाची आशा.

मग आली ती ओळ: "प्रीकूलिंग 10 टन का".

इथे थांबावंच लागतं. आमच्या धंद्यात टन दोन आहेत. एक मालाचा टन, म्हणजे 1000 किलो द्राक्षं. दुसरा रेफ्रिजरेशनचा टन, टीआर, 24 तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण 907 किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते त्यावरून आलेलं माप, साधारण साडेतीन किलोवॅट. बोलताना दोन्हीला टनच म्हणतात. इंदूरच्या मुलाला फोन करायच्या आधी मी डिझाइनच्या सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, 10 टन द्राक्षं 30 डिग्रीवरून 4 वर 6 तासांत आणायची तर किती लागेल. त्यांनी कागदावर केलं, नुसती फळातली उष्णता काढायलाच साडेबारा टीआरच्या आसपास, त्यावर भिंती, पंखे, दार उघडझाप वेगळी. म्हणजे मी "10 टीआर" लिहिलं असतं तर एका वेळी 6-7 टनांच्या पुढे माल भरणं अवघड गेलं असतं, आणि सीझनमध्ये संध्याकाळी क्रेटच्या थप्प्या बाहेर गरम हवेत राहिल्या असत्या. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, अंगूर का टन." मग प्रपोजलमध्ये टन हा शब्द एकटा कुठेच ठेवला नाही. मालासाठी किलो, मशीनसाठी टीआर, आणि आत येताना फळ किती डिग्रीचं धरलंय तेही लिहिलं, कारण 30 च्या ऐवजी 36 चं फळ आलं तर 6 तासांचा शब्द पाळता येत नाही.

दुसरी अडचण "कल". 14 तारखेचा मेसेज, "ड्रॉइंग कल फायनल". क्रियापदच नाही. आपल्याकडे काल वेगळा, उद्या वेगळा, हिंदीत दोन्हीला कल, आणि चॅटमध्ये "हुआ" की "होगा" ते टाइप करायचा लोकांना कंटाळा. फायनल झालं असेल तर प्रपोजलला ते ड्रॉइंग नंबर घालून जोडता येतं, व्हायचं असेल तर किंमत "सब्जेक्ट टू" म्हणून द्यावी लागते. विचारलं, तर व्हायचं होतं. म्हणून आता माझा नियम असा की कल, परसों, नेक्स्ट वीक यांच्या जागी तारीख आल्याशिवाय ते वाक्य पुढे जात नाही. "20 दिन में माल" याचंही तेच, 20 दिवस कधीपासून? ऑर्डरपासून, अ‍ॅडव्हान्सपासून की ड्रॉइंगवर सही झाल्यापासून? अ‍ॅडव्हान्स आणि सही, यातलं जे नंतर होईल तिथपासून, असं ठरलं आणि तसंच लिहिलं.

किमतीसाठी चॅट मी उलटं वाचते, खालून वर. वरून वाचलं तर 44 लाख, मग 43, मग "42 लास्ट, ट्रान्सपोर्ट मिला के". शेवटचा आकडा आणि त्याला चिकटलेली अट, दोन्ही सोबत उचलायचे. ट्रान्सपोर्ट धरून 42 हे चॅटमध्ये एकदाच आलंय, ते सुटलं तर क्लायंटला वाटतं आपण शब्द फिरवला. जीएसटी वेगळा होता, ते सुरतवाल्याने तीन दिवस आधीच्या एका मेसेजमध्ये टाकलं होतं.

लिहायला बसले तेव्हा चॅटचा क्रम पूर्ण सोडला. आधी क्लायंटची गरज त्याच्याच आकड्यांत, मग आपण काय देतो, मग आपण काय देत नाही, मग किंमत, मुदत, पैसे कसे. "देत नाही" हा भाग मी सगळ्यात हळू लिहिते. पाया, पॅनेलपासूनची केबल, उतरवायला क्रेन, पाण्याची लाइन, प्रत्येक ओळीची सुरुवात "द बायर" किंवा "वुई" ने. लिहून झाल्यावर "विल बी" शोधते आणि जिथे सापडेल तिथे कोण करणार ते विचारते. या वेळी चार ठिकाणी सापडलं, त्यातल्या तीन ठिकाणचं उत्तर चॅटमध्ये कुठेच नव्हतं. सेल्सच्या पोरांना विचारलं तर तेही एकमेकांकडे बघायला लागले, मग क्लायंटच्या साइटवरच्या दादांना फोन लावून घेतला.

सुरतवाला म्हणाला, "मॅडम, इतना साफ लिखोगे तो क्लायंट भाग जाएगा." मला ते पटत नाही. तीन पानांचं प्रपोजल गेलं, दुसऱ्या दिवशी मुंबईहून पार्टनरांचा फोन आला, किमतीचा विषय नाही काढला त्यांनी, म्हणाले क्रेन आमच्याकडे नाहीये, ती तुमच्या बाजूला घ्या आणि त्याचे किती ते वेगळे दाखवा. त्या ओळीत "द बायर" च्या जागी "वुई" केलं, खाली क्रेनची रक्कम टाकली, आणि संध्याकाळी रिव्हिजन 1 पाठवली.