हाल्व्हिंगच्या दिवशी कमाई वाढली कशी?

20 एप्रिल 2024 ला पहाटे साडेपाच उलटून गेल्यावर बिटकॉइनच्या व्यवहारांचा 8,40,000 वा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, निघाला आणि तो शोधणाऱ्या मायनरचं बक्षीस 6.25 वरून 3.125 बिटकॉइनवर आलं. हेच हाल्व्हिंग. मी मायनिंग मशिनच्या देखभालीची कामं घेतो. ज्यांचं एक अँटमायनर एस19 प्रो माझ्याकडे देखभालीला आहे, त्या ग्राहकाचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "अहो, कमाई निम्मी होणार म्हणालात, इथे तर वाढलीये!"

वाढलीच होती. त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले आणि ते आधी आपल्या नावावर करायला लोकांनी वाटेल तेवढं व्यवहार-शुल्क मोजलं. त्या एका ब्लॉकमध्येच 37 हून जास्त बिटकॉइन नुसतं शुल्क जमलं. ग्राहकाचा पूल, म्हणजे अनेक मायनर मिळून ब्लॉक शोधतात तो गट, एफपीपीएस पद्धतीने पैसे देतो, म्हणजे शुल्काचा सरासरी वाटाही मायनरला मिळतो. साध्या पीपीएस पूलमध्ये असते, तर शुल्क पूलने ठेवलं असतं आणि आकडा त्याच दिवशी निम्म्यावर आला असता.

एकट्याने मायनिंग करायचा विचारच नको. हॅश म्हणजे ब्लॉक शोधायचा एक प्रयत्न. मशिनचा वेग सेकंदाला 110 टेराहॅश, सगळ्या नेटवर्कचा तेव्हा साधारण 600 एक्साहॅश, म्हणजे सुमारे 55 लाख पट. रोज 144 ब्लॉक धरले तरी एक ब्लॉक लागायला सरासरी शंभर वर्षं! पूल मात्र खऱ्यापेक्षा खूप सोपं लक्ष्य देतो. ते गाठणारा प्रत्येक हॅश म्हणजे एक शेअर, आणि शेअर मोजून रोजचे पैसे. मशिन उशिरा पाठवते ते 'स्टेल' शेअर मात्र फुकट जातात. त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेलं, की मी आधी इंटरनेट तपासतो, मशिन नंतर.

चार दिवस थांबा, मग हिशोब करू, असं त्यांना सांगितलं. शुल्काची लाट ओसरल्यावर नुसतं ब्लॉकचं बक्षीस धरलं, तर दिवसाला 0.00008 बिटकॉइन, 53 लाखांच्या भावाने साधारण 435 रुपये. वीज? क्लॅम्प मीटरवर दोन कॉर्डमध्ये मिळून 14 अँपिअर, म्हणजे सव्वातीन किलोवॉट. दिवसाला 78 युनिट. त्यांना युनिट पडतं 10 रुपयांना, म्हणजे 780 रुपये गेले. हाल्व्हिंगआधी 870 येत होते, 90 रुपये सुटत होते. हाल्व्हिंगनंतर बरोबरी साधायला वीज साडेपाच रुपयांच्या आसपास हवी होती.

वर आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, आणि त्यात मायनिंगचा वीजखर्च वजा होत नाही. हे पाहिलं की मला तर कपाळाला हात लावावासा वाटतो.

"मग नवीन मशिन घेऊ?" त्यांनी विचारलं. एस21 चा वेग 200 टेराहॅश, विजेचा खप साडेतीन किलोवॉट. तेव्हाच्या भावाने दिवसाला बक्षिसाचे सुमारे 795 रुपये आले असते, विजेला 840 गेले असते. नेहमीचं शुल्क मिळवून पूलचा कट वजा केला, तर जेमतेम बरोबरी. मशिनची किंमत अजून धरलेलीच नाही. त्यांनी एस19 बंद करून विकायला काढलं.