सदतीसची झाली अडतीस

टफन्ड काच एकदा भट्टीतून बाहेर पडली की तिला कुणीही कापू शकत नाही. कडेला चाक लावलं तरी अख्खी काच खडीसाखरेसारखी सांडते. म्हणून आमच्या धंद्यात माप चुकलं की काच गेली. मी बाथरूमची काचेची पार्टिशनं आणि बाल्कन्यांच्या रेलिंग्ज बसवतो, आणि त्या दिवशी माझ्या हातात जी काच होती ती गाळ्यापेक्षा बरोब्बर एक इंच रुंद होती.

मी टेप लावून बघितला. 37 इंच 3 सूत. फोनमधल्या नोंदीत 38 इंच 3 सूत. अर्धा-एक सूत इकडेतिकडे झालं असतं तर टेप सैल धरला असं म्हटलं असतं. पूर्ण इंच चुकतो तेव्हा माणूस आकडाच चुकलेला असतो. पण बाळूने टेपचं दुसरं टोक धरलं होतं आणि तो छातीठोकपणे म्हणाला, "दादा, तुम्ही सदतीसच बोललात. मी ऐकलंय."

बोललो होतो, लिहिलं नव्हतं. दोन्ही हात टेपमध्ये अडकलेले असतात, म्हणून तीन-चार महिन्यांपासून मी कानात वायरलेस इअरबड घालून मापं बोलत होतो. फोन बॅगेत, नोंदीचं पान उघडं, आणि मराठी बोलून टायपिंग चालू. वाक्यं इतकी छान उमटायची की आकड्यांवर मी कधी संशयच घेतला नाही. नव्या काचेचे पैसे माझ्या खिशातून गेले ते गेलेच, वर घरमालकीणबाईंना चार दिवस पडदा लावून अंघोळ करावी लागली.

माझा मामेभाऊ डबिंग स्टुडिओत साऊंड रेकॉर्डिस्ट आहे. रविवारी त्याच्याकडे गेलो. त्याने मला एकच वाक्य दोनदा बोलायला लावलं, एकदा इअरबडच्या माइकमध्ये आणि एकदा फोन तोंडासमोर धरून. मग दोन्ही रेकॉर्डिंगं लॅपटॉपवर चित्राच्या रूपात उघडली. खाली जाड आवाज, वर बारीक आवाज. फोनच्या चित्रात प्रत्येक 'स'च्या जागी वरपर्यंत गेलेला धुरकट पट्टा दिसत होता. इअरबडच्या चित्रात साधारण 4 किलोहर्ट्झच्या वर काळं कुट्ट होतं. जणू कुणी चित्राचा वरचा भाग पट्टी लावून कापला होता.

"तुझा 'स' बहुतेक सगळा इथे वर राहतो," तो काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाला. "तो आलाच नाही."

कारण असं, की गाणं ऐकताना ब्लूटूथ एका रुंद वाटेने चालतं, पण ती वाट एकाच दिशेची आहे. माइक उघडला की इअरबड फोन-कॉलच्या वाटेवर जातो. ती दोन्ही दिशांना चालते, म्हणून अरुंद असते. इअरबडच्या जुन्या किंवा स्वस्त जोड्यांत तिथे सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने घेतले जातात, आणि त्यात 4 किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. बऱ्या जोड्या 16,000 नमुने घेतात, त्यात 'स' बऱ्यापैकी येतो. ओळखायची खूण सोपी आहे. गाणं चालू असताना माइक उघडला आणि गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं झालं, तर वाट बदलली. लँडलाइनवर नाव सांगताना आपण 'स सकाळचा' म्हणायचो, ते याच अरुंद वाटेमुळे.

आणि इथे आपली मराठी आडवी येते. सदतीस-अडतीस, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सदुसष्ट-अडुसष्ट. जोडीतला फरक सगळा पहिल्या अक्षरांत, आणि त्यातला मोठा वाटा त्या 'स'चा. 'स' गळाला की 'सदतीस'चं 'अदतीस' राहतं. असा शब्द नाही, मग यंत्र जवळचा धरतं, अडतीस. साध्या वाक्यात पुढचे-मागचे शब्द मदतीला येतात. 'मी उद्या आंगलीला जातो' असं ऐकू आलं तरी सांगली हे कळतं. आकड्याला असा शेजारी नसतो. सदतीसही बरोबर, अडतीसही बरोबर. म्हणूनच माझी वाक्यं छान उमटत होती आणि मापं चुकत होती.

मी म्हटलं, मग इअरबडची चांगली जोडी घेतो. भावाने आपली नवीन, महागडी जोडी दिली आणि आम्ही सोमवारी साइटवरच बसलो. शेजारच्या खोलीत टाइल कटर चालू. कटर बंद असताना तिच्यात वीसपैकी वीस मापं बरोबर आली. कटर सुरू झाल्यावर पाच चुकली, आणि त्यातली चार त्याच सात-आठच्या जोड्यांतली. रेकॉर्डिंग ऐकलं तर कटरचा आवाज जवळजवळ नव्हताच, पण प्रत्येक शब्दाचं तोंडही खाल्लेलं. इअरबड आवाज पुढे पाठवण्याआधीच गोंगाट गाळतो. कटरची करकर आणि 'स'ची सळसळ त्याला सारखीच वाटते, आणि बोलणं सुरू झालं हे कळेपर्यंत पहिलं अक्षर निघून गेलेलं असतं. माणसाच्या कानाला ते रेकॉर्डिंग स्वच्छ वाटलं, हीच फसगत. गोंगाटासकट आलेलं अक्षर यंत्राला निदान चाचपता येतं. गेलेलं अक्षर आणायचं कुठून?

फोनचा माइक त्याच खोलीत, तोंडापासून वीतभर, वीसपैकी एकोणीस. अँड्रॉइडमध्ये ॲपला माइक VOICE_RECOGNITION या नावाने मागता येतो आणि तेव्हा फोनची गोंगाट-गाळणी मूळ स्थितीत बंद असते, असं भावाने सांगितलं. शिवाय 'स' तोंडातून समोर जास्त जातो. फोन समोर असतो, इअरबड गालाच्या मागे.

पण तोच फोन खिडकीच्या कट्ट्यावर, चार-पाच फुटांवर ठेवला तर सहा मापं चुकली. तिथे इअरबड बरा. खिशातल्या फोनचं तर विचारूच नका, शर्टाची घासाघीसच जास्त.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच करायला हवी होती. नेमका कुठला माइक ऐकतोय हे पडद्यावर बघून नेहमी कळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवून फोनच्या खालच्या भोकावर नखाने खरवडायचं. ऐकताना खरखर मोठी आली तर फोन, नाही तर इअरबड. ही परीक्षा टायपिंगच्या वेळीही घ्यावी, कारण रेकॉर्डर एक माइक वापरतो आणि कीबोर्ड दुसरा, असंही होतं. टायपिंगला आवाज ऐकता येत नाही, तेव्हा फोन बाळूकडे देऊन पलीकडच्या खोलीत पाठवायचा आणि हळू बोलायचं. अक्षरं उमटली तर इअरबड.

बाळूने उपाय सुचवला, "दादा, सुटे आकडे बोला. तीन, सात." मला पटलं. भाऊ हसायला लागला. सात आणि आठ. 'स' काढा, 'आत' राहतं. जुन्या इअरबडवर करून बघितलं तर पहिल्याच मापाला 'तीन आठ' उमटलं.

आता फोन गळ्यातल्या पट्ट्याला उलटा टांगतो, म्हणजे खालचा माइक वर, हनुवटीच्या दिशेने येतो. इअरबड डबीत. माप इंग्रजीत बोलतो, थर्टी सेवन, आणि टेप सोडायच्या आधी बाळू पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचतो. कटर जोरात असेल तर भिंतीवर पेन्सिल.

ती 38 इंचांची काच दुकानात भिंतीला टेकून उभी आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बाथरूमचं माप घेताना बाळू माझ्याकडे आशेने बघतो.