पंचवीस गुण आणि त्यातलं एक शून्य

"ताई, ज्याचे जास्त गुण जुळतात त्यालाच होकार द्यायचा ना? एवढे गुण जुळत असताना स्वभाव, घरचं वळण हे सगळं वेगळं कशाला बघायचं?"

नाही, तसं करायचं नाही. मी स्वतः पत्रिका बघते म्हणूनच हे ठामपणे सांगते. उत्तर ऐकून समोरचे नाराज होतात, कारण तीन-चार स्थळांपैकी एक निवडायचं असतं आणि आकडा हातात असला की निवड केल्याचा दोष आपल्यावर येत नाही. आकड्यावर एवढं ओझं टाकण्याआधी तो कशाचा बनला आहे, ते तरी बघा.

गुणमेलनात मुलीचा चंद्र आणि मुलाचा चंद्र एवढंच असतं. चंद्र कोणत्या नक्षत्रात, कोणत्या राशीत, यावरून कोष्टक वाचायचं. लग्नरास, सप्तमस्थान, शुक्र, गुरू, मंगळ पत्रिकेत कुठे बसलेत, यांतलं काहीही त्या एकूण ३६ गुणांमध्ये मोजलेलं नाही. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. त्या दिवसभरात, एकाच राशीत चंद्र असताना जन्मलेल्या सगळ्या मुलांचे तुमच्या मुलीशी सारखेच गुण जुळणार. त्यातला एक कष्टाळू असेल, दुसरा बापाच्या पैशावर बसून खाणारा असेल, कोष्टकाला दोघे सारखेच.

पुढची गोष्ट फार कमी लोक बघतात. कूट म्हणजे गुण मोजायचा एक निकष. अशा आठ कूटांचे गुण एक ते आठ असे चढत जातात. वर्ण, वश्य, तारा आणि योनी या पहिल्या चारांचे मिळून १०. ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशीकूटाचे ७ आणि नाडीचे ८, म्हणजे मोठ्या चारांचे २६. यातली राशीकूट आणि नाडी ही दोन कूटं मधलं काही देतच नाहीत, एकतर पूर्ण गुण नाहीतर शून्य. २७ नक्षत्रांत प्रत्येक नाडीची ९ नक्षत्रं, त्यामुळे नक्षत्रांच्या हिशेबाने तीनातल्या एका मुलाशी मुलीची एकनाडी येणार आणि ८ गुण जाणार. राशीकूटात द्विर्द्वादश म्हणजे दुसरी-बारावी, नवपंचम म्हणजे पाचवी-नववी आणि षडाष्टक म्हणजे सहावी-आठवी रास, हे तिन्ही वर्ज्य धरले तर १२ राशींपैकी ६ राशींना शून्य. म्हणून स्थळं गुणांच्या क्रमाने लावली, की ती बहुतेक वेळा या दोन कूटांच्याच क्रमाने लागतात. "२५ विरुद्ध १८" असं मोठ्या आवाजात सांगितलं जातं, तेव्हा बऱ्याचदा फरक एकाच कूटाचा असतो.

नमुना घेऊ. मुलगी रोहिणी नक्षत्राची, वृषभ राशीची. मनुष्यगण, अंत्य नाडी, राशीस्वामी शुक्र. नाशिकला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, रात्रपाळी असते, नोकरी सोडायची नाही असं तिने घरात स्पष्ट सांगितलेलं. समोर तीन टिपणं.

पहिला मुलगा पूर्वा फाल्गुनी, सिंह रास. गण मनुष्य, ६ गुण. नाडी मध्य, म्हणजे वेगळी, ८ गुण. वृषभ आणि सिंह चौथ्या-दहाव्या राशी, राशीकूट ७. ग्रहमैत्रीत मात्र शुक्र आणि सूर्य, दोघेही एकमेकांचे शत्रू, तिथे शून्य. मोठ्या चारांत २१.

दुसरा आर्द्रा, मिथुन रास. गण मनुष्य, ६. नाडी आद्य, ८. शुक्र आणि बुध परस्परांचे मित्र, ग्रहमैत्री पूर्ण ५. पण वृषभ-मिथुन द्विर्द्वादश, राशीकूट शून्य. मोठ्या चारांत १९.

तिसरा उत्तरा भाद्रपदा, मीन रास. गण ६, नाडी मध्य म्हणून ८, तिसऱ्या-अकराव्या राशी म्हणून ७. गुरू शुक्राला शत्रू मानतो, शुक्र गुरूला सम, तिथे अर्धा गुण. मोठ्या चारांत साडेएकवीस.

लहान चार कूटांत तिघांनाही साडेतीन ते पाचाच्या दरम्यान गुण मिळतात. पंचांगागणिक त्यात अर्ध्या-एका गुणाचा फरक पडतो, तो सोडून द्या. लग्नाला किमान १८ गुण हवेत असं मानतात, तिघेही त्याच्या बरेच वर आहेत. बेरजेने आर्द्रा सगळ्यांत खाली. आईवडील टिपणं घेऊन येतात तेव्हा तेच सगळ्यांत खाली ठेवलेलं असतं, बऱ्याचदा मागे पेन्सिलने फुलीही मारलेली असते.

आता त्या फुलीकडे बघा. ग्रहमैत्री हे कूट परंपरेने मनं जुळण्याचं, विचार पटण्याचं मानतात. तुम्ही मला विचारता ते नेमकं हेच असतं, "दोघांचं पटेल ना?" पहिल्या स्थळाच्या पंचवीसेक गुणांत याच जागी शून्य आहे, आणि फुली मारलेल्या स्थळाला इथे पाचपैकी पाच. शिवाय राशीस्वामी मित्र असतील तर द्विर्द्वादशाचा दोष मानू नये असा परिहार सर्रास सांगितला जातो. तो धरला तर आर्द्राचे मोठ्या चारांत पूर्ण २६ होतात आणि तळातलं टिपण सगळ्यांत वर येतं. आकाशात काही हललेलं नाही. आपण नियमांतलं पुढचं वाक्य वाचलं, एवढंच.

यावर लगेच टोमणा येतो, "म्हणजे तुमचाच शास्त्रावर विश्वास नाही!" विश्वासाचा प्रश्न इथे येतच नाही. कोष्टक मानायचं असेल तर ते पूर्ण वाचा. फक्त बेरजेची ओळ वाचून मुलगा नाकारणं हे शास्त्रातही बसत नाही आणि व्यवहारातही.

तिसऱ्या टिपणात वेगळीच अडचण आहे. त्यावर जन्मवेळ "पहाटे पाच" लिहिली आहे. अशी गोळाबेरीज वेळ दिसली की मी पंचांग उघडून त्या दिवशी नक्षत्र किती वाजता बदललं ते आधी बघते. उत्तरा भाद्रपदा सकाळी सहाच्या आत संपत असेल आणि मुलगा खरा सव्वासहाला जन्मला असेल, तर तो रेवतीचा. रास मीनच राहते, पण नाडी मध्यची अंत्य होते, रोहिणीशी एकनाडी येते आणि आठ गुण जातात. शिवाय राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते अयनांशावर ठरतं. दाते पंचांग चित्रापक्षीय अयनांश वापरतं, टिळक पंचांग रैवतपक्षीय. दोघांत साधारण चार अंशांचा फरक, म्हणजे चंद्राच्या चालीने सातेक तास. तेवढ्यात नक्षत्र सहज बदलतं. म्हणून सगळी टिपणं एकाच पंचांगाने, एकाच अयनांशाने पुन्हा मांडल्याशिवाय तुलना करू नका. एक पत्रिका मोबाइलच्या ॲपवरची, दुसरी गुरुजींच्या हातची, तिसरी मामांनी कुठल्या तरी पंचांगावरून काढलेली, असं असताना २६ आणि २३ शेजारी ठेवून काय कळणार? वेळ जन्मदाखल्यावर सहसा नसते. हॉस्पिटलचा जुना डिस्चार्ज कागद मागा, आणि तो नसेल तर वेळ अंदाजे आहे असं मान्य करून पुढे चला.

एकनाडीचा आणि रक्तगटाचा काहीही संबंध नाही, हे तर मी सांगून सांगून दमले. मुलांच्या तब्येतीची काळजी असेल तर दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. हे कोणत्याही नाडीला कळत नाही, साध्या रक्ततपासणीत कळतं.

आता स्वभाव. १८ च्या वर गेलेली आणि मोठी खोट नसलेली स्थळं पत्रिकेच्या बाजूने सारखी धरा आणि कोष्टक मिटा. स्वभावाला दहापैकी सात, पगाराला आठ असे गुण देऊन ते ३६ मध्ये मिळवू नका. हल्ली काही जण एक्सेलमध्ये तसं करतात. मग सासरी नोकरी चालणार नाही हा नकार चांगल्या पगारात बुडून जातो. मुलीची न सुटणारी अट कोणती ते आधी ठरवा, तिच्यावर स्थळ टिकतं का ते बघा, उरलेलं नंतर.

या मुलीची अट रात्रपाळी. "लग्नानंतर नोकरी चालेल ना?" असं विचारलं की सगळी घरं हो म्हणतात, हा प्रश्नच फुकट आहे. विचारायचं ते असं: "हिची आठवड्यातून दोनदा रात्रपाळी असेल, सकाळी आठला घरी येऊन ती झोपेल. त्या दिवशी सकाळचं कोण बघेल?" हे मुलाला वेगळं विचारा आणि त्याच्या आईला वेगळं, चहा-पोह्यांच्या ताटासमोर दोघांना एकदम नको. मुलगा म्हणाला "बाई लावू" आणि आई म्हणाली "आमच्याकडे बाईच्या हातचं चालत नाही", तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं. दोघांपैकी कोण खोटं बोलतं हा मुद्दा नाही. त्या घरात हा विषय अजून बोललाच गेलेला नाही, आणि लग्नानंतर तो तुमच्या मुलीच्या डोक्यावर बोलला जाणार.

नमुन्यातला पहिला मुलगा पुण्यात आयटीत, दोन वर्षांत परदेशी जायचं म्हणतो. म्हणजे लॅबची नोकरी कागदावर हो आणि प्रत्यक्षात नाही, कारण तिकडे तिच्या पदविकेवर लगेच काम मिळेलच असं नाही. तिसरा राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, बदल्या राज्याबाहेरही होतात. दुसऱ्याचं नाशकातच इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, उत्पन्न महिन्यागणिक कमी-जास्त, दुकानावर कर्ज, घरात आईवडील आणि धाकटा भाऊ. पगार नाही म्हणून तो आधीच मागे पडलेला, त्यात गुण कमी. पण मुलीच्या अटीवर तिघांत टिकतो तो हाच. त्याच्याबाबत विचारायचं ते कर्ज कोणाच्या नावावर, हप्ता किती आणि दुकानात भावाचा वाटा लिखित आहे का. हे विचारायला लोक लाजतात, आणि नाडी मात्र बेधडक विचारतात.

"पत्रिका जुळत नाही" हे आपल्याकडे नकार देण्याचं सभ्य वाक्य आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ते वापरा, माझी हरकत नाही. मुलगी ठेंगणी वाटली किंवा घर लहान वाटलं हे तोंडावर सांगण्यापेक्षा ते बरं. पण बाहेर सांगायचं कारण आणि घरात ठरवायचं कारण यांची गल्लत करू नका. तीन-चार नकारांनंतर काही घरांना स्वतःच सांगितलेलं खरं वाटू लागतं.

परिहारांबद्दल माझं पूर्वीचं मत कडक होतं. हवा तो परिहार काढून हवं ते स्थळ जुळवायचं तर कोष्टक कशाला, असं मी म्हणत असे, आणि त्यातलं अर्धं मला आजही पटतं. आर्द्राच्या मुलाला परिहार लावायचा आणि त्याच हाताने रेवतीच्या मुलाची एकनाडी पक्की धरायची, हे न्यायाचं नाही. लावायचे तर तिघांनाही लावा. पण सगळ्यांना सगळे परिहार लावले की जवळपास कोणतंच स्थळ नाकारता येत नाही. मग १८ ची रेघ तरी कशाला, असं एखादी चलाख मुलगी विचारते. तिला द्यायला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रेघ मी अजून ठेवते, कारण घरातल्या आजीला ती लागते आणि आजीला बाजूला सारून झालेली लग्नं पहिल्या वर्षी जड जातात. हे कारण पत्रिकेतलं नाही, हे मला कळतं.

तेव्हा टिपणं आणा. पण आणताना मुलाची जन्मवेळ कुठून मिळाली तेही विचारून या, आणि रात्रपाळीचा प्रश्न त्याच्या आईला विचारून झाला असेल तर आणखी बरं.