दुबईचं घड्याळ आणि इथली दुरुस्ती

‘दुबईत टिसॉटचं ऑटोमॅटिक इथल्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतंय. घेऊ का? पुण्यात बिघडलं तर वॉरंटी चालेल ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: घड्याळ कुठल्या देशातलं यापेक्षा ते कुठल्या दुकानातलं, यावर सगळं अवलंबून आहे. टिसॉटची वॉरंटी आंतरराष्ट्रीय आणि 24 महिन्यांची आहे. मात्र कार्डावर तारीख आणि अधिकृत विक्रेत्याचा शिक्का हवा, कार्ड पूर्ण भरलेलं हवं. तसं असेल तर दुबईचं घड्याळ इथल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालतं.

स्वस्त मिळतं ते बहुधा ग्रे मार्केटमध्ये. तो माल नकली नसतो. अधिकृत विक्रेत्याकडे न खपलेली घड्याळं मागच्या दाराने दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तो सवलतीत विकतो. त्याच्याकडचं कार्ड एक तर कोरं असतं, नाहीतर त्यावर पहिल्या विक्रेत्याचा शिक्का आणि जुनी तारीख असते. समजा, कार्डावर 10 जानेवारी 2024 आहे आणि तुम्ही 10 नोव्हेंबरला घेतलंत. म्हणजे दहा महिने आधीच गेले, उरले चौदा. शिवाय बिल एका दुकानाचं आणि शिक्का दुसऱ्याचा, हा घोळ काउंटरवर निस्तरायचा तुम्हालाच. कोरं कार्ड असेल तर वॉरंटी नाहीच. ‘आम्ही दोन वर्षं बघू’ असं दुकानदार म्हणतो, पण त्यासाठी घड्याळ दुबईला पाठवायचं आणि परत येताना कस्टम्सला ते आपलंच जुनं आहे हे पटवून द्यायचं.

आता समजा वर्षभराने ते रोज दोन मिनिटं मागे पडू लागलं. वाटतं, गल्लीतल्या घड्याळजीकडे न्यावं. पण टिसॉटच्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत असणाऱ्या पॉवरमॅटिक 80 या मशीनमध्ये जुन्या घड्याळांसारखी वेग कमी-जास्त करायची पट्टी नसते. काही प्रकारांत तर आतले पार्ट प्लास्टिकचे असतात, आणि स्विस कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला सहसा देत नाहीत. हुशार कारागीरही हात टेकतो. त्यातून त्याने मागचं झाकण उघडलं तर उरलेली वॉरंटीही धोक्यात. मग राहतं पैसे भरून अधिकृत सेंटर, आणि तिथे दुबईतली बचत बऱ्यापैकी संपू शकते. (घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे जायला लागलं तर मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकाजवळ राहिल्याने ते चुंबकित झालेलं असतं आणि न उघडता काही मिनिटांत ठीक होतं.)

म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत दुकानाचं नाव शोधा. मॉलमध्ये आहे म्हणून दुकान अधिकृत असतंच असं नाही. मग घड्याळ उलटं करून मागचा सीरियल नंबर कार्डाशी जुळवा. नंबर खरवडलेला असेल तर तिथूनच निघा, कारण तो माल कुठून आला हे लपवण्यासाठीच खरवडतात. कार्ड तुमच्यासमोर भरून शिक्का मारून घ्या. बिलावरही तोच नंबर लिहून घ्या.

फरक थोडाच असेल तर मी अधिकृत दुकानातूनच घेईन. साधं क्वार्ट्झ असेल तर ग्रे मार्केटही चालेल, कारण त्याची बॅटरी कुठेही बदलून मिळते.