झोपलेलं मूल किंचाळतं तेव्हा

लहान मूल रात्री किंचाळत उठलं, तर दिवा लावायच्या आधी घड्याळात किती वाजलेत ते बघा. आमच्या घरी जे चाललं होतं त्याचा उलगडा तिथूनच झाला.

लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. रात्री साडेनऊला झोपायची आणि पावणेअकरा-अकराच्या सुमाराला एकदम उठून बसायची. डोळे सताड उघडे, अंग घामाने चिंब, छाती धडधडतेय, आणि किंचाळी अशी की शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात समोरच्या घरातला दिवा लागायचा. मी जवळ घेतलं की मलाच ढकलायची. "आई, आई" म्हणून ओरडायची आणि मी समोर असून माझ्याकडे बघायची नाही. पाच-दहा मिनिटांनी आपोआप आडवी व्हायची आणि शांत झोपायची. सकाळी उठल्यावर काही घडलंय याचा पत्ताही नसायचा.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली, अंबाबाईचा अंगारा लावला. मला त्यात गैर वाटलं नाही, घरातल्या सगळ्यांनाच त्याने धीर आला. पण "अगं उठव की तिला, पाणी मार तोंडावर" असं त्या म्हणायच्या, आणि नेमकं तेच करायचं नसतं, हे बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं.

जाताना आम्ही मोबाईलवर काढलेला व्हिडिओ नेला होता. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, "झोपल्यापासून किती वेळाने होतं? तुम्हाला ओळखते का? सकाळी आठवतं का?" साधारण सव्वा तासाने, नाही, नाही. "मग हे स्वप्न नव्हे," ते म्हणाले, "याला नाइट टेरर म्हणतात."

त्यांनी समजावलं ते असं. रात्रीच्या पहिल्या भागात मुलांची झोप सर्वांत गाढ असते. त्या गाढ झोपेतून हलक्या झोपेत येताना कधीकधी मूल अर्धवट जागं होतं. शरीर उठतं, ओरडतं, हातपाय झाडतं, पण समजणारा मेंदू झोपलेलाच राहतो. त्यामुळे आपण दिसत नाही आणि पुढे आठवतही नाही. स्वप्नांची झोप मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे असते. वाईट स्वप्न पडलेलं मूल पूर्ण जागं होतं, आपल्याला ओळखतं, गळ्यात पडतं, कशाची भीती वाटली ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगतं आणि पुन्हा झोपायला घाबरतं.

मग त्यांनी आणखी प्रश्न विचारले. घोरते का? तोंड उघडं ठेवून झोपते का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढून श्वास अडला की झोप तुटत राहते आणि असे झटके वाढतात. ताप येऊन गेला का? घरात कुणाला लहानपणी झोपेत चालायची सवय होती का? यावर आत्या पटकन म्हणाल्या, "ह्यो तिचा बाप! झोपेतच उठून माजघरात जाऊन बसायचा, सकाळी विचारलं तर ह्याला काय बी ठावं नसायचं." डॉक्टर हसले. झोपेत चालणं आणि नाइट टेरर एकाच जातीचे, घराण्यात उतरणारे.

खरं कारण मात्र पुढच्या प्रश्नात निघालं. "दुपारी झोपते का?" प्लेग्रुप सुरू झाल्यापासून झोपत नव्हती. रिक्षामामा साडेबाराला सोडायचे, जेवण व्हायचं आणि मग खेळ. सकाळी शाळेसाठी पावणेसातला उठवावं लागायचं. म्हणजे एकूण झोप सव्वानऊ तास. तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसरात्र मिळून साधारण ११ ते १४ तास लागते. झोपेची थकबाकी साचली की रात्रीची पहिली झोप आणखी गाढ होते, आणि तिच्यातून बाहेर येताना मूल अडकतं.

औषध काही दिलं नाही. दुपारी जेवणानंतर खोलीत अंधार करून झोपवायचं आणि रात्री साडेआठलाच गादीवर न्यायचं, एवढंच. दुसरं काम वहीचं: झोपायची वेळ, झटक्याची वेळ, किती मिनिटं चालला.

झटका आला तर काय करायचं, हेही स्पष्ट सांगितलं. हलवायचं नाही, जोरात हाका मारायच्या नाहीत, तोंडात पाणी घालायचं नाही. शेजारी बसायचं, हळू आवाजात बोलायचं, ती ढकलत असेल तर धरून ठेवायचं नाही, फक्त पडणार-आपटणार नाही एवढं बघायचं. आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना उभा आहे, म्हणून गादी जमिनीवर घातली आणि जिन्याच्या दाराला वरची कडी बसवून घेतली. सकाळी तिच्यासमोर "काल किती ओरडलीस" हा विषय काढायचा नाही, कारण तिला आठवत नसताना आपण उगाच झोपेची भीती घालतो. हे पाळणं आत्यांना सगळ्यांत जड गेलं, पण त्यांनी पाळलं.

दुपारची झोप परत बसल्यावर झटके विरळ झाले, थांबले मात्र नाहीत. वहीत वेळ जवळजवळ ठरलेली दिसत होती, झोपल्यापासून सव्वा तास. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा उपाय दिला. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी तिला हळूच हलवायचं, ती कूस बदलेल किंवा काहीतरी पुटपुटेल एवढंच, आणि परत झोपू द्यायचं. असं दोन ते चार आठवडे रोज. त्याने गाढ झोपेचा तो टप्पा मोडतो. हे माझ्या नवऱ्याने मोबाईलला गजर लावून नेमाने केलं आणि झटके बंद झाले. ज्यांच्या मुलाची वेळ रोज वेगळी असते, त्यांना हा उपाय चालत नाही.

काही गोष्टी दिसल्या तर लगेच परत या, असंही ते म्हणाले होते. झटका अगदी थोडा वेळ पण एका रात्रीत अनेकदा येणं, दरवेळी हातपायांची तीच ठरावीक हालचाल, अंग ताठ होणं किंवा एकच बाजू उडणं, दिवसाही असं होणं. हे फिटचं लक्षण असू शकतं आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात. व्हिडिओ त्यासाठीच काढून ठेवायचा.

पुढे तिला तीन वर्षं झाल्यावर एकदा पहाटे चारला रडत उठली. या वेळी घड्याळही वेगळं आणि लेकही. थेट माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "भूभू आला." आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना एक कुत्रा अंगावर भुंकला होता. इथे सगळं उलटं करायचं होतं. घट्ट जवळ घेतलं, छोटा दिवा लावला, "स्वप्न होतं, मी इथंच आहे" एवढंच सांगितलं आणि ती झोपेपर्यंत हात धरून बसले. कॉटखाली कुत्रा शोधायचं नाटक केलं नाही, शोधलं की तो खरंच असू शकतो असं तिला वाटलं असतं. दिवसा मात्र बोललो. तिने खडूने कुत्रा काढला, त्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक आजीच्या हातात दिलं. झोपायच्या आधीचं कार्टूनही त्या दिवसापासून बंद केलं.

आता चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घरचे सगळे निघतात, तेव्हा तिला दुपारी झोपवूनच गाडीत बसवतो आणि परतायला उशीर झाला तर त्या रात्री मी तिच्याच शेजारी झोपते. जागरण झालं की झटका परत येऊ शकतो, हे आत्याही आता पाहुण्यांना आधीच सांगून ठेवतात.