शनिवारी ११ वाजताची वेळ देऊन आपल्याला १२.२५ पर्यंत बसवून ठेवले, त्याबद्दल

ताई, गेल्या शनिवारी आमच्या गंगापूर रोडवरील सलूनमध्ये आपल्याला ८५ मिनिटे थांबावे लागले आणि त्या वेळात चार वेळा ‘पाचच मिनिटे’ असे सांगण्यात आले, ही आपली तक्रार शब्दशः खरी आहे. सलूनची मालक या नात्याने मी आपली मनःपूर्वक क्षमा मागते. संध्याकाळी ५ वाजता भाच्याचा साखरपुडा असताना आपण नाशिक रोडहून एवढे अंतर कापून आलात, ते आम्ही वेळ पाळू या भरवशावर. तो भरवसा आम्ही राखला नाही. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण त्या सकाळच्या नोंदी काढून आणि सहकाऱ्यांना एकेकटे विचारून नेमके कोठे चुकले हे समजल्याशिवाय आपल्याला लिहिणे मला योग्य वाटले नाही.

आपल्या आधी त्याच खुर्चीवर ८.३० ची वेळ एका नवीन ग्राहकांची होती. त्यांना सगळ्या केसांना फिकट तपकिरी रंग हवा होता. रंग लावायला साधारण ४० मिनिटे, मुरायला ३५ मिनिटे, मग धुणे आणि वाळवणे असा हिशेब धरून त्यांचे काम १०.४५ ला संपेल आणि ११ वाजता आपल्याला बसवता येईल, असे आम्ही गृहीत धरले होते. १०.२५ ला केस वाळवल्यावर दिसले की मुळाजवळचा भाग तांबूस, उजळ झाला आहे आणि खालची लांबी मात्र जशीच्या तशी काळी राहिली आहे. ओल्या केसांवर हा फरक नीट कळत नाही, म्हणून तो धुताना लक्षात आला नाही. त्यांनी दीड वर्षापूर्वी वर्षभर काळी मेंदी लावली होती. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक काळ्या मेंदीत मेंदीबरोबर रासायनिक डायही असतो, आणि आधीच्या डायवर नुसता फिकट रंग लावून केस उजळत नाहीत. मुळाजवळचे नवे, कोरे केस उजळले, डाय बसलेली लांबी उजळली नाही.

त्या ताईंनी काही लपवले नव्हते. आम्ही फोनवर ‘गेल्या सहा महिन्यांत मेंदी लावली आहे का’ असे विचारले आणि त्यांनी ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर दिले. प्रश्नच चुकीचा होता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर थोडे अधिक वाढतात, म्हणजे खांद्याखाली आलेल्या केसांच्या टोकांना दोन वर्षांहून जुना इतिहास असतो. तो विचारायला हवा होता, आणि एक बारीक बट आधी रंगवून पाहायला हवी होती. बटेची ती चाचणी केली असती, तर आदल्या दिवशीच हे सगळे दिसले असते.

त्यांना तशाच अवस्थेत उठवणे शक्य नव्हते. मुळांवर गडद छटा लावून रंग एकसारखा करणे, ती मुरू देणे, पुन्हा धुणे आणि वाळवणे यात १२.१५ वाजले. आमच्याकडे रंगाचे काम करणारी दुसरी मुलगी त्या वेळी केराटिन करत होती. त्यात बारीक बारीक बटा घेऊन गरम प्लेटने इस्त्री करावी लागते आणि ते काम अर्ध्यावर सोडून उठता येत नाही. त्यामुळे आपल्याला दुसरीकडे बसवता आले नाही.

येथपर्यंतची चूक एखाद्या वेळी समजून घेता येईल. पुढची मात्र अक्षम्य आहे, आणि ती सर्वस्वी माझी आहे. काम दीड तासाहून अधिक लांबणार हे मला १०.२५ लाच कळले होते. त्याच क्षणी मी आपल्याला फोन केला असता, तर आपण घरीच थांबला असतात किंवा घराजवळ दुसरीकडे काम करून घेतले असते. मी रंग निस्तरण्यात गुंतले आणि स्वागतकक्षातल्या मुलीला काहीच सांगितले नाही. तिला खरी स्थिती ठाऊक नसल्यामुळे ती आपल्याला ‘पाच मिनिटे’ म्हणत राहिली. कृपया तिला दोष देऊ नये.

आपल्यासाठी कालवलेला रंग दुसऱ्या कोणाला लावला गेला, अशी शंका आपण व्यक्त केली आहे. तसे झालेले नाही, मात्र आपल्याला तसे वाटणे स्वाभाविक होते. ११ वाजता आमच्या मदतनीस मुलीने आपला रंग वेळेवर कालवून ठेवला होता. डेव्हलपर मिसळल्यानंतर रंगाची क्रिया वाटीतच सुरू होते, तो हळूहळू काळवंडतो आणि तासाभराने लावल्यास पांढऱ्या केसांवर नीट बसत नाही. म्हणून तो टाकून दिला आणि आपण खुर्चीवर बसल्यावर नवा कालवला. हे आपल्यासमोर सांगूनच करायला हवे होते.

वीस मिनिटांतच रंग धुवावा, अशी विनंती आपण केली होती आणि ती आम्ही मानली नाही. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. पांढरा केस रंग उशिरा धरतो, आणि लवकर धुतला असता तर कानशिलापाशी पांढरे केस साखरपुड्यातच डोकावले असते. मात्र तेथे न वाचवलेली मिनिटे आम्ही वाळवण्यात वाचवली, आणि ते चुकले. मागचा थर आतून दमट राहिला, म्हणूनच केस संध्याकाळी लॉनवर पोहोचेपर्यंत फुगले. ठरलेले ट्रिमिंग तर राहूनच गेले आणि २ वाजता आपल्याला तसेच निघावे लागले.

या सोमवारपासून काही गोष्टी बदलल्या आहेत. रंगासाठी प्रथमच येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ४८ तास आधी बोलावून कानामागे ॲलर्जीची चाचणी आणि त्याच वेळी बटेची चाचणी केली जाते, आणि गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावले, याची नोंद घेतली जाते. अशा कामानंतर त्या खुर्चीवर पाऊण तास कोणालाही वेळ दिली जात नाही. त्यामुळे शनिवारी आमची एक अपॉइंटमेंट कमी होते, ते आम्ही स्वीकारले आहे. एवढे करूनही जुने थर असलेल्या केसांवर अंदाज चुकू शकतो, कारण एका बटेवरून सगळ्या डोक्याचा रंग सांगता येत नाही. म्हणून पंधरा मिनिटांपेक्षा अधिक उशीर दिसताच पुढच्या ग्राहकाला मी स्वतः फोन करून नेमकी वेळ सांगते आणि वेळ बदलायची की रद्द करायची, हे त्यांच्यावर सोपवते. काल एकदा तसा फोन करावा लागला, आणि त्या ताई तासाभराने आल्या.

आपण दिलेली पूर्ण रक्कम आज सकाळी आपल्या खात्यावर परत केली आहे. राहिलेले ट्रिमिंग आणि नीट वाळवून सेटिंग आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी सकाळच्या पहिल्या वेळेत, विनामूल्य करून देण्याची माझी इच्छा आहे. पहिल्या वेळेच्या आधी कोणाचेच काम नसते, त्यामुळे थांबावे लागण्याचा प्रश्न उद्भवणार नाही. आपल्याला पुन्हा यावेसे वाटले नाही, तरी परत केलेली रक्कम आपलीच आहे.