पाडव्याचा मुहूर्त आखाजीवर गेला : आमच्या डीलर ॲपची वाटचाल

२००९ साली वडिलांनी जळगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं मशीन टाकलं आणि ठिबकच्या नळ्या काढायला सुरुवात केली, तेव्हा डीलर दोन होते, एक रावेरचा आणि एक चोपड्याचा. आता ४१ आहेत आणि पीव्हीसी पाईपही करतो. पण ऑर्डर घ्यायची पद्धत अजून २००९ चीच होती, म्हणजे सकाळी सातपासून फोन, नाहीतर वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर, आणि मग आमच्या ऑफिसातली मुलगी तो फोटो झूम करकरून टॅलीत मारणार. तो आकडा १६ नाही, १२ आहे, हे माल पोचल्यावर कळायचं.

ॲप करायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण खरा दणका बसला २२ सप्टेंबर २०२५ ला. ठिबकवरचा जीएसटी १२ चा ५ झाला, पीव्हीसी पाईप मात्र १८ वरच राहिला. आमच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये दोन्ही माल असतो. आणि डीलरांकडे आमच्या रेटलिस्टच्या पीडीएफ किती, तर कोणाकडे जूनची, कोणाकडे ऑगस्टची, एकाने तर काचेखाली दाबून ठेवलेली. नवीन पाठवली तरी शेतकऱ्याला कोटेशन जुन्यावरूनच जायचं, त्यात रेझिनचे भाव हलले की आमचाही बेसिक रेट हलतो. आठवडाभर मी फक्त टक्केवारी सांगत होतो फोनवर. दिवाळी झाल्या झाल्या नाशिकच्या एका डेव्हलपरला काम दिलं, आणि डिसेंबरात पाच डीलरांना ट्रायलला घेतलं.

१८ जानेवारीला, रविवार बघून, डीलर मीट ठेवली. त्यासाठीचं प्रेझेंटेशन पहिल्यांदा डेव्हलपरच्या पोरांनी बनवून दिलं, ३४ स्लाईडा. पहिल्या आठ स्लाईडा डिजिटल क्रांती वगैरे. मी ते घरी बायकोला दाखवलं, ती म्हणाली यात डीलरला काय मिळणार ते कितव्या स्लाईडवर आहे. एकोणिसाव्या होतं. मग ११ च ठेवल्या, आणि पहिल्याच स्लाईडवर डीलरचा खातेउतारा घेतला. कारण फोन येतो तो ऑर्डरसाठी कमी आणि "माझं किती बाकी निघतंय आणि ती स्कीमची क्रेडिट नोट पडली का" यासाठी जास्त, हे आम्हाला माहिती होतं. बाकी किती, लिमिट किती, कुठलं बिल किती दिवसाचं झालं, हे उघडल्या उघडल्या दिसतं. हॉलमध्ये त्याच स्लाईडवर सगळ्यांनी मोबाईल काढले फोटो घ्यायला.

स्टॉकच्या स्लाईडवर मूळ शब्द होता "लाईव्ह स्टॉक". तो मी खोडला, त्यामागे ट्रायलमधला एक किस्सा आहे. डिसेंबरात एका दुपारी टॅलीत १६ एमएमच्या नळीची १२० बंडलं होती, ॲपमध्येही १२०. यावलच्या डीलरने ८० मागवली, दहा मिनिटांनी पाचोऱ्याच्या डीलरने ६० मागवली, दोघांनाही ऑर्डर घेतली म्हणून मेसेज गेला. कारण टॅलीतला आकडा ॲपकडे दर अर्ध्या तासाने जातो, आणि टॅलीत माल कमी होतो तो बिल बनल्यावर, ऑर्डर आल्यावर नाही. पाचोऱ्याची गाडी ४० च बंडलं घेऊन गेली आणि ते शेठ माझ्यावर जे काही बोलले ते इथे लिहित नाही. आता ॲपमध्ये बुक झालेला माल लगेच वजा होतो, फोनवरची ऑर्डरही ऑफिसची मुलगी आधी ॲपमध्येच टाकते मग टॅलीत, आणि ऑफिसमधून कन्फर्म होईपर्यंत ऑर्डरला "विनंती" म्हणतो. स्लाईडवर स्पष्ट लिहिलं की गोदामात प्रत्यक्ष मोजणी शनिवारी होते, त्यामुळे एखाद दुसरं बंडल मागेपुढे होऊ शकतं. डेव्हलपर म्हणाला असं लिहिलं तर इम्प्रेशन जातं. माझं म्हणणं, गाडी अर्धी आली की त्याहून जास्त जातं.

डेमो मात्र फसला. चाळीसएक माणसं, सगळ्यांनी नंबर टाकले आणि ओटीपी कोणालाच नाही. आधी वाटलं हॉलमध्ये रेंज नाही, पण फोन तर लागत होते, व्हॉट्सॲपही येत होतं, फक्त आमचाच एसएमएस नाही. रात्री कळलं. आपल्याकडे कंपनीच्या एसएमएसचा मजकूर आधी टेलिकॉमवाल्यांच्या डीएलटी पोर्टलवर मंजूर करून घ्यावा लागतो, आणि जाणारा मेसेज त्या मंजूर नमुन्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडवला जातो. आमच्या डेव्हलपरने आदल्या रात्री मेसेजच्या शेवटी "आपले स्वागत आहे" जोडलं होतं, हौसेने. ट्रायलचे पाच जण आधीच लॉगिन होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही कोणी असं ॲप काढणार असाल तर मीटच्या दिवशी सकाळी एक अगदी कोरा नंबर टाकून बघा.

डेमो गेला म्हणून उलट गप्पा जास्त झाल्या, आणि मनातलं बाहेर आलं. भुसावळचे एक जुने डीलर, वडिलांच्या वयाचे, उठून म्हणाले, "भाऊ, आज मी मागवतो, उद्या याच ॲपवरून शेतकरी डायरेक्ट तुझ्याकडून मागवणार, मग मी काय करू?" ही भीती आमच्या ११ स्लाईडांत कुठेच नव्हती, चूक आमचीच. शेतकऱ्याला लॉगिन मिळणार नाही, आणि डीलर कोणाला माल विकतो ते नाव ॲप विचारतच नाही, हे मी तिथेच सांगितलं, आणि आता ती दुसरी स्लाईड आहे. खरं सांगायचं तर वॉरंटीसाठी शेतकऱ्याचं नाव आणि नळीवरचा बॅच नंबर घ्यायचा आमचा विचार होता. तो सध्या काढून टाकला.

आणि तारखा. स्लाईडवर छान रंगीत पट्टा होता, गुढीपाडवा १९ मार्च, सगळ्या डीलरांना ॲप चालू, १ मेपासून फोनवरची ऑर्डर बंद. मुहूर्त चांगला म्हणून मीच टाकलेला. अमळनेरचा एक तरुण डीलर हसायलाच लागला, म्हणे दादा, मार्च एंडला आम्ही खाती जुळवतो का तुमचं ॲप शिकतो? बरोबरच होतं. वरून ॲपमधली बाकी आणि त्याच्या वहीतली बाकी मार्चमध्ये जुळली नाही तर पहिल्याच दिवशी विश्वास उडाला. मग तिथेच फळ्यावर नव्याने मांडलं : १५ फेब्रुवारीपासून रावेर, यावल, चोपडा, कारण तिकडे केळीमुळे वर्षभर माल हलतो आणि ट्रायलचे तीन डीलर तिथलेच आहेत. मार्चमध्ये नवीन कोणालाच नाही, फक्त खातेउतारा दोन्ही बाजूंनी तपासायचा. बाकी सगळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १९ एप्रिल. आमच्याकडे सालदाराचं सालही आखाजीलाच बदलतं, त्यामुळे नवीन हिशोब तेव्हा धरायची लोकांना सवय आहे, आणि मे अखेरीस कापसाच्या नळ्यांची गर्दी सुरू होण्याआधी महिनाभर हात बसवायला मिळतो.

फोनची ऑर्डर बंद करायची तारीख मात्र फळ्यावरून पुसली, पाऊस पडून केळीच्या मृग बागेच्या लागवडी उरकल्या की बघू. भुसावळचे काका जाताना ऑफिसच्या मुलीचा नंबर परत एकदा लिहून घेऊन गेले.